फळीवरचा माल आणि वहीतला आकडा : साठा-व्यवस्थापनावरच्या विद्यार्थी प्रकल्पाचा आराखडा

छोट्या व्यवसायातील साठा-व्यवस्थापनावरचा प्रकल्प अहवाल तीन प्रश्नांची उत्तरे देतो : कोणता माल ठेवावा, तो किती उरला की मागवावा आणि एका वेळी किती मागवावा. वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखेचे विद्यार्थी हा विषय वारंवार निवडतात, कारण साठा डोळ्यांना दिसतो आणि मोजता येतो. तरीही अशा अनेक अहवालांत मालकाच्या संगणकातला आकडा जसाच्या तसा उतरवलेला असतो आणि त्याच्यावर पुस्तकातली सूत्रे चालवलेली असतात. फळीवर प्रत्यक्ष किती माल आहे, हे कोणी पाहिलेलेच नसते. अहवालाचा आराखडा आखताना आधी ही उणीव टाळावी लागते.

अहवालाचा बाह्य साचा साधारणपणे ठरलेला असतो. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश आणि सारांश यांनंतर प्रश्नाची मांडणी, व्यवसायाची ओळख, संकल्पनांचा आढावा, अभ्यासाची पद्धत, विश्लेषण, निष्कर्ष, शिफारशी, मर्यादा आणि परिशिष्टे असा क्रम लागतो. प्रत्येक प्रकरणात नेमके काय भरायचे, हे एका उदाहरणावरून पाहता येते. उदाहरण तालुक्याच्या गावातील एका दुकानाचे आहे. तेथे शेतीपंपांचे सुटे भाग विकले जातात आणि मागच्या खोलीत जळालेल्या मोटरी भरून दिल्या जातात. मालक, काउंटरवरचा एक मुलगा आणि वाइंडिंग करणारे दोन मिस्त्री एवढीच माणसे. दुकान आणि त्याचे आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत, पण अडचणी या धंद्यात नेहमी भेटणाऱ्या आहेत.

प्रश्न लहान असावा

“दुकानाच्या साठा-व्यवस्थापनाचा अभ्यास” हे शीर्षक होऊ शकते, प्रश्न नव्हे. विद्यार्थ्याच्या हातात सहा ते आठ आठवडे असतात आणि दुकानात वस्तू असतात शेकड्यांनी. म्हणून प्रश्न असा हवा की ज्याचे उत्तर मोजून देता येईल. या दुकानात मालकाची तक्रार दुहेरी होती. हंगामात गिऱ्हाईक बेअरिंग मागते तेव्हा ते नसते, आणि फळ्या मात्र भरलेल्या असतात. यातून तीन उद्दिष्टे निघतात : वहीतला साठा आणि प्रत्यक्ष साठा यांतील फरक व त्याची कारणे शोधणे, वर्षभर न हललेल्या मालात किती पैसा अडकला आहे ते काढणे, आणि सर्वाधिक पैसा खाणाऱ्या वस्तूंसाठी फेरमागणीची पातळी ठरवून ती चार आठवडे वापरून पाहणे.

व्याप्तीही येथेच आखावी लागते. दुरुस्तीसाठी आलेल्या गिऱ्हाइकांच्या मोटरी दुकानात पडलेल्या असल्या तरी तो दुकानाचा साठा नव्हे. जळालेल्या मोटरीतून निघालेली तांब्याची भंगार तार दुकानाकडेच राहात असेल, तर ती साठ्यात धरायची की नाही हे आधीच लिहून ठेवावे. या गोष्टी सुरुवातीला ठरल्या नाहीत, तर मोजणीच्या दिवशी त्यांवर वाद होतो आणि आकडा दोन प्रकारे निघतो.

व्यवसायाची ओळख करून देणाऱ्या प्रकरणात स्थापनेचा इतिहास दोन ओळींत आटोपता येतो. मालाचा प्रवास मात्र सविस्तर हवा. ऑर्डर कोण देतो, माल कुठून आणि किती दिवसांत येतो, बिल केव्हा चढवले जाते, फळीवरून माल कोण कोण उचलतो आणि त्याची नोंद कुठे होते, हे सगळे त्यात येते. या दुकानात हाच प्रवास कागदावर काढल्यावर पहिली गळती दिसली. काउंटरवर विकलेल्या मालाचे बिल होत होते, पण मिस्त्रीने दुरुस्तीसाठी घेतलेल्या बेअरिंगची नोंद मोटर गिऱ्हाइकाला परत देताना, आठवणीने होत होती.

पहिल्याच दिवशी सुरू करायची वही

अभ्यासाच्या पद्धतीत विक्रीची बिले, खरेदीची बिले, प्रत्यक्ष मोजणी आणि मालक-कामगारांच्या मुलाखती ही माहितीची साधने सांगितली जातात. त्यांत एका साध्या वहीची भर घालावी लागते. काउंटरवर ठेवलेल्या या वहीत, मागितलेली वस्तू दुकानात नव्हती अशी प्रत्येक वेळ लिहायची : तारीख, वस्तू, किती नग आणि गिऱ्हाईक थांबले की निघून गेले.

या वहीची गरज अशी, की विक्रीच्या नोंदीत फक्त झालेली विक्री दिसते, झालेली मागणी दिसत नाही. एखादे बेअरिंग महिन्यातले १० दिवस संपलेले असेल, तर त्या महिन्याची विक्री कमी दिसते. तिच्यावरून पुढची मागणी ठरवली की ऑर्डर आणखी कमी जाते आणि माल पुन्हा लवकर संपतो. मागील वर्षांची अशी वही कोणत्याच दुकानात मिळत नाही. म्हणून ती पहिल्या दिवशीच सुरू करावी लागते. शेवटच्या आठवड्यात तिची आठवण होऊन उपयोग नसतो.

मोजणी

प्रत्यक्ष मोजणी हा अहवालाचा पाया असल्याने ती कशी केली याचे वर्णन पद्धतीच्या प्रकरणात पायरी-पायरीने द्यावे. मोजणीसाठी बाजाराच्या सुट्टीचा दिवस निवडला जातो. सुरू करण्यापूर्वी शेवटच्या विक्री बिलाचा आणि शेवटच्या खरेदी बिलाचा क्रमांक टिपून ठेवायचा. माल आला आहे पण बिल चढवलेले नाही, किंवा बिल झाले आहे पण माल अजून उचललेला नाही, अशा वस्तू बाजूला लिहायच्या. ही सीमारेषा आखली नाही, तर फळीवरचा माल आणि वहीतला आकडा दोन वेगळ्या दिवसांचे ठरतात आणि त्यांची तुलना फसवी होते.

एकाने मोजायचे आणि दुसऱ्याने लिहायचे. लिहिण्याच्या कागदावर वस्तूचे नाव आणि कप्पा असावा, वहीतला आकडा नसावा. समोर ४० लिहिलेले दिसले की मोजणाऱ्याचा हात ३८ वर थांबत नाही. तो ४० करूनच थांबतो. मोजून झालेल्या कप्प्यावर खडूने खूण करायची. ज्या वस्तूंत फरक निघेल त्या दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजायच्या.

एककांचा घोळ या दुकानात सर्वांत मोठा निघाला. केबल बंडलाने विकत घेतली जाते आणि मीटरने विकली जाते. वाइंडिंगची तांब्याची तार किलोने येते, पण ती रिळावर असते. वहीत तार ६४ किलो होती. काट्यावर ६३.२ किलो भरली, म्हणजे सगळे ठीकच दिसले. रिळांचे ४ किलो वजन वजा केल्यावर खरी तार ५९.२ किलो उरली. कमी पडलेली ४.८ किलो तार चोरीला गेली नव्हती. भरून दिलेल्या काही मोटरी महिन्याच्या आत पुन्हा जळून आल्या, त्या फुकट भरून दिल्या गेल्या आणि त्या कामाचे बिल नसल्याने तारेची नोंदही झाली नाही. तारेचा दर ९०० रुपये किलो धरला तर हा फरक ४,३२० रुपयांचा होतो. तो तारेच्या साठ्यातून गेला असला तरी त्याचे कारण वाइंडिंगच्या दर्जात आहे.

नावांचाही असाच गुंता असतो. ‘६२०३ झेडझेड’ आणि ‘सतराचे बेअरिंग’ या नावांनी संगणकात दोन वस्तू होत्या. ६२०३ या बेअरिंगचे आतले भोक १७ मिलिमीटरचे असते, म्हणून मिस्त्री त्याला सतराचे म्हणतात. खरेदी एका नावावर चढत होती आणि विक्री दुसऱ्या नावावर. परिणामी एका नावाखाली साठा फुगत गेला आणि दुसऱ्या नावाखाली तो उणे झाला. वहीत उणे साठा दिसला, की बहुधा हाच दोष किंवा न चढवलेले खरेदी बिल त्यामागे असते.

मोजणीचा निकाल सांगताना एक सापळा टाळावा लागतो. या दुकानात २४० वस्तूंपैकी १५१ वस्तूंचा आकडा वहीशी जुळला, म्हणजे अचूकता सुमारे ६३ टक्के. रुपयांत पाहिले तर काही वस्तू २२,००० रुपयांनी कमी आणि काही १५,००० रुपयांनी जास्त निघाल्या. दोन्ही एकमेकांतून वजा केल्यास फरक फक्त ७,००० रुपये, म्हणजे ७.२ लाख रुपयांच्या साठ्यात एक टक्काही नाही. मालकाला हा आकडा दिलासा देतो. पण जास्त निघालेली केबल कमी पडलेल्या बेअरिंगची जागा घेत नाही. नोंदी किती चुकल्या ते कळण्यासाठी दोन्ही फरक मिळवावे लागतात. ते ३७,००० रुपये, म्हणजे सुमारे ५ टक्के होतात.

साठ्याचे मोल काढताना खरेदी किंमत धरायची, विक्रीची किंवा छापील किंमत नव्हे. खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट दुकानाला मिळत असेल, तर तो करही किमतीत धरायचा नाही. आणि जो माल खरेदी किमतीलाही विकला जाणार नाही, त्याचे मोल जेवढे येईल तेवढेच धरण्याचा हिशेबशास्त्राचा नियम आहे.

पैसा कुठे अडकला आहे

विश्लेषणाच्या प्रकरणाची सुरुवात वस्तूंच्या वर्गवारीने होते. सगळ्या वस्तूंना सारखे लक्ष देणे शक्य नसते आणि तशी गरजही नसते. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीतील फोर्ड डिकी यांनी १९५१ मध्ये ‘अ-ब-क’ वर्गवारी मांडली, ती याच विचारावर. वर्षभरात प्रत्येक वस्तूचे जेवढे नग खपले, त्याला तिच्या खरेदी किमतीने गुणायचे. येणाऱ्या रकमांनुसार वस्तू उतरत्या क्रमाने लावायच्या आणि बेरीज करत खाली जायचे.

या दुकानाचा वर्षाचा खप खरेदी किमतीने २४ लाख रुपये होता. त्यापैकी १७ लाख अवघ्या ३० वस्तूंचे निघाले. पुढच्या ६० वस्तूंचे ४.८ लाख आणि उरलेल्या १५० वस्तूंचे मिळून २.२ लाख. पहिल्या ३० म्हणजे ‘अ’ वर्ग : तार, केबल, खपाची बेअरिंगे, इम्पेलर, काही कपॅसिटर. सविस्तर अभ्यास या तीस वस्तूंचाच करायचा, हे या तक्त्यावरून ठरते.

मात्र ही वर्गवारी फक्त पैसा बघते, अडचण बघत नाही. काही रुपयांची सर्क्लिप ‘क’ वर्गात असते, पण ती नसेल तर मोटर जुळत नाही आणि हजारोंचे काम अडून राहते. अशा स्वस्त पण अडवणाऱ्या वस्तूंना दोन डब्यांची पद्धत लागू पडते. वापर एका डब्यातून करायचा. तो रिकामा झाला की दुसरा उघडायचा आणि त्याच दिवशी मागणी नोंदवायची. त्यासाठी संगणक लागत नाही, मोजणीही लागत नाही.

साठा किती फिरतो, हे वर्षाच्या खपाला साठ्याने भागून कळते. २४ लाखांना ७.२ लाखांनी भागले की ३.३ येते, म्हणजे माल वर्षातून तीनदा-सव्वातीनदा फिरतो, किंवा सुमारे ११० दिवसांचा साठा फळीवर असतो. येथे अहवालाने एक कबुली द्यायला हवी : भाजक खरे तर वर्षाचा सरासरी साठा हवा आणि हाती आहे तो एका दिवसाचा. हंगामाच्या तोंडावर मोजणी केली असेल, तर साठा फुगलेला असतो आणि फिरण्याचा वेग खोटाच कमी दिसतो.

वर्षभर एकही नग न हललेल्या वस्तूंची यादी वेगळी काढायची. येथे ती १.३५ लाख रुपयांची, म्हणजे साठ्याच्या सुमारे १९ टक्के निघाली. या यादीवर लगेच ‘मृत साठा’ असा शिक्का मारू नये. जुन्या बनावटीच्या पंपाचा एखादा भाग दोन वर्षांतून एकदाच जात असला तरी तो ठेवणारे पंचक्रोशीत हे एकच दुकान असेल, तर त्या भागामुळे गिऱ्हाईक टिकून राहते. कोणती वस्तू ठेवायची आणि कोणती काढायची, हे मालक आणि मिस्त्री यांच्यासोबत यादी एकेक ओळ वाचूनच ठरते.

कधी मागवावे आणि किती

फेरमागणीची पातळी म्हणजे साठा ज्या आकड्यावर आला की ऑर्डर द्यायची तो आकडा. तो काढायला दोन गोष्टी लागतात : रोजचा खप आणि माल यायला लागणारे दिवस. ६२०४ क्रमांकाच्या बेअरिंगचा वर्षाचा खप ७२० नग आहे. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर रोजचे २.४ नग होतात. माल यायला सरासरी ६ कामाचे दिवस लागतात. दोन्हींचा गुणाकार सुमारे १४. पुष्कळ अहवाल येथेच थांबतात आणि १४ ही पातळी लिहून मोकळे होतात.

शेतीपंपाच्या धंद्यात हा आकडा उन्हाळ्यात तोंडघशी पाडतो. फेब्रुवारी ते मे या काळात पाण्याची ओढ असते, पंप अधिक चालतात आणि मोटरीही अधिक जळतात. या चार महिन्यांत महिन्याला १०० आणि उरलेल्या आठ महिन्यांत महिन्याला ४० नग जातात, असे बिलांवरून दिसले. महिन्याचे २५ कामाचे दिवस धरले की हंगामात रोजचा खप ४ नगांचा. माल येईपर्यंतच्या ६ दिवसांतच २४ नग लागतात. १४ नग उरल्यावर ऑर्डर दिली, तर ते चौथ्या दिवशी संपतात.

शिवाय सरासरीपेक्षा अधिक खपाचे दिवस येतात आणि वाहतूकही लांबते. म्हणून सुरक्षित साठा लागतो. तो काढण्याची सोपी रीत अशी : एका दिवसाचा जास्तीत जास्त खप आणि माल यायला लागलेले जास्तीत जास्त दिवस यांचा गुणाकार करायचा आणि त्यातून सरासरीचा गुणाकार वजा करायचा. हंगामात जास्तीत जास्त खप ७ नग आणि जास्तीत जास्त दिवस १० दिसले. सात दाहे सत्तर. त्यातून २४ गेले की ४६ हा सुरक्षित साठा आणि फेरमागणीची पातळी ७० नग. हंगामाबाहेर जास्तीत जास्त खप ३ नगांचा, म्हणून पातळी ३०. एकाच बेअरिंगला वर्षात दोन पातळ्या, हा या उदाहरणाचा मुख्य निष्कर्ष आहे.

ही रीत सावध आहे, किंबहुना जरा जास्तच. सर्वांत मोठा खप आणि सर्वांत मोठा उशीर हे दोन्ही एकाच आठवड्यात येणे दुर्मीळ असते. बेअरिंगसारख्या टिकाऊ, खपाऊ वस्तूला ते परवडते. महाग इम्पेलरला परवडत नाही. तेथे खपाच्या चढउतारावर आधारलेली सांख्यिकी रीत वापरावी, पण तिला निदान वर्षभराच्या रोजच्या नोंदी लागतात.

एका वेळी किती मागवावे, यासाठी ‘ईओक्यू’ हे सूत्र वापरले जाते. अमेरिकी अभियंता फोर्ड हॅरिस यांनी ते १९१३ मध्ये मांडले. त्यामागचा विचार साधा आहे. थोडे थोडे मागवले तर ऑर्डर देण्याचा खर्च वाढतो आणि खूप मागवले तर माल बाळगण्याचा. वार्षिक मागणी आणि एका ऑर्डरचा खर्च यांच्या गुणाकाराची दुप्पट करायची, तिला एक नग वर्षभर बाळगण्याच्या खर्चाने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. मागणी ७२०, भाडे-हमाली-फेरीचा खर्च प्रत्येक ऑर्डरला १५० रुपये, बेअरिंगची किंमत १२० रुपये आणि बाळगण्याचा खर्च किमतीच्या २० टक्के, म्हणजे वर्षाला नगामागे २४ रुपये असे धरले, तर उत्तर ९५ नग येते. बाळगण्याच्या २० टक्क्यांत बँकेचे व्याज, जागा, गंज आणि माल जुना पडण्याचा धोका येतो. हा आकडा अंदाजाचा असतो आणि तो कसा धरला हे अहवालात लिहायचे असते.

उत्तरापेक्षा त्याचा स्वभाव महत्त्वाचा. ९५ नगांच्या ऑर्डरीने वर्षाचा एकूण खर्च सुमारे २,२७७ रुपये येतो. ६० नग मागवले तरी तो २,५२० रुपये होतो आणि १५० मागवले तरी २,५२०च. म्हणजे ऑर्डर बरीच इकडेतिकडे झाली, तरी वर्षाला अडीचशे रुपयांहून कमी फरक पडतो. म्हणून ९५ की ९४.९ यावर पाने खर्च करू नयेत. पुरवठादाराच्या खोक्यात मावेल असा जवळचा आकडा घ्यावा. एकाच पुरवठादाराकडून दहा वस्तू येत असतील, तर गाडीभाडे दहांत वाटले जाते आणि सूत्राची बेरीज तशीही बदलते. तांब्याच्या तारेला हे सूत्र मुळीच लावू नये, कारण तेथे खरेदीचा निर्णय तांब्याच्या चढत्या-उतरत्या दरावर होतो.

सूत्राचा खरा उपयोग मोठ्या सवलतीची परीक्षा घेण्यात होतो. पुरवठादार म्हणतो, ५०० नग घ्या, ३ टक्के सूट देतो. सुटीने वर्षाला २,५९२ रुपये वाचतात. पण सरासरी २५० नग फळीवर राहतात आणि बाळगण्याचा खर्च ५,८२० रुपयांवर जातो. त्यात ऑर्डरींचे २१६ रुपये मिळवून सूट वजा केली तरी ३,४४४ रुपये उरतात. म्हणजे सूट घेऊनही दुकान वर्षाला सुमारे १,१६७ रुपये जास्त खर्च करते. पुरवठादार लांब मुदतीची उधारी देत असेल आणि माल त्याआधीच खपत असेल, तर व्याजाचा भार हलका होतो आणि उत्तर उलटू शकते. म्हणून उधारीची मुदत माहितीत नोंदवलेली हवी.

शिफारशी आणि त्यांची पारख

शिफारशी थोड्या, करता येतील अशा आणि विश्लेषणातून थेट निघालेल्या असाव्यात. या दुकानासाठी त्या पाच निघतात. प्रत्येक वस्तूला एकच नाव आणि कप्प्यावर तीच चिठ्ठी. मिस्त्रीने उचललेल्या भागाची मोटरीला बांधलेल्या कार्डावर तत्काळ नोंद, मग काम बिलाचे असो वा फुकटचे. ‘अ’ वर्गाच्या तीस वस्तूंना हंगामी आणि बिगरहंगामी अशा दोन पातळ्या. ‘क’ वर्गातील अडवणाऱ्या वस्तूंना दोन डबे. आणि वर्षातून एकदा सगळे मोजण्याऐवजी दर आठवड्याला बारा-तेरा वस्तूंची मोजणी. तिच्यात ‘अ’ वर्ग महिन्यातून एकदा आणि ‘ब’ वर्ग तिमाहीत एकदा येऊन जातो आणि काम अर्ध्या तासाचे राहते.

न हलणाऱ्या मालासाठी तीन वाटा असतात : पुरवठादाराला परत, दुसऱ्या दुरुस्तीवाल्याला कमी भावात, किंवा भंगारात. येथे कराचा मुद्दा नोंदवावा. माल कमी भावात विकला तर विक्रीच्या किमतीवर कर लागतो. पण तो वहीतून नुसता काढून टाकला, तर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार त्यावर घेतलेली वजावट परत करावी लागते.

फायदा मांडताना विद्यार्थी हमखास एक चूक करतात. ‘अ’ वर्गाचा साठा ३.९ लाखांवरून ३.१ लाखांवर आला, की “८०,००० रुपयांची बचत” असे लिहिले जाते. ते मोकळे झालेले भांडवल आहे आणि एकदाच मोकळे होते. दरवर्षीची बचत म्हणजे त्यावरचा बाळगण्याचा खर्च : २० टक्क्यांनी १६,००० रुपये.

चार आठवड्यांच्या प्रयोगाचा निकालही तपासूनच द्यावा. आधीच्या चार आठवड्यांत ‘अ’ वर्गासाठी ‘वस्तू नाही’ अशा ४६ नोंदी होत्या, नंतरच्या चार आठवड्यांत १९. वरवर पाहता ही ५९ टक्क्यांची घट. पण पहिला काळ मे महिन्याचा होता आणि दुसरा जूनचा; पाऊस सुरू झाल्यावर मागणीच उतरली. एकूण ८२० मागण्यांत ४६ म्हणजे ५.६ टक्के, आणि ५१० मागण्यांत १९ म्हणजे ३.७ टक्के. खरी घट सुमारे एक तृतीयांश ठरते. प्रयोगात न घेतलेल्या ‘ब’ वर्गाचे प्रमाणही त्याच काळात ५ वरून ४.६ टक्क्यांवर आले, म्हणजे घटीचा काही भाग हंगामाचाच. पहिल्या आकड्यापेक्षा लहान असलेला हा शेवटचा आकडा अहवालात गेला पाहिजे.

मर्यादांच्या प्रकरणात “वेळ कमी होता” एवढेच लिहिणे पुरेसे नाही. एक हंगाम पूर्ण पाहिलेला नाही, साठा एकाच दिवशी मोजला आहे, बाळगण्याचा खर्च गृहीत धरलेला आहे आणि काउंटरवर गर्दी असताना वहीत नोंदी सुटल्या असतील. या प्रत्येक मर्यादेने कोणता आकडा किती हलतो, ते सांगायचे असते. बाळगण्याचा खर्च २० ऐवजी १५ टक्के धरला, तर ९५ नगांची ऑर्डर सुमारे ११० होते. म्हणजे ही मर्यादा निष्कर्ष बदलत नाही, हे दिसते.

परिशिष्टांत मोजणीचे मूळ कागद, काउंटरच्या वहीची पाने, तीस वस्तूंचा तक्ता आणि मुलाखतीचे प्रश्न येतात. दुकानाचे खरेदी दर आणि पुरवठादारांची नावे ही मालकाची गोपनीय माहिती असते. ग्रंथालयात जाणाऱ्या प्रतीत ती त्याच्या लेखी संमतीशिवाय देऊ नये. दरांऐवजी सापेक्ष आकडे वापरले तरी विश्लेषण समजते.

सारांश अहवालात सर्वांत पुढे बसतो आणि सर्वांत शेवटी लिहिला जातो. या दुकानाचा सारांश चार वाक्यांत मावतो : नोंदी ६३ टक्के वस्तूंच्याच जुळल्या, साठ्यातला जवळपास पाचवा हिस्सा वर्षभर हलला नाही, एका बेअरिंगला वर्षात दोन फेरमागणी पातळ्या लागतात, आणि त्या वापरल्यावर ‘वस्तू नाही’ म्हणण्याचे प्रमाण ५.६ वरून ३.७ टक्क्यांवर आले, त्यातला थोडा वाटा पावसाचा. ही चार वाक्ये ज्यांवर उभी आहेत ते खडूच्या खुणा केलेले, खाडाखोडीचे मोजणीचे कागद परिशिष्टात नसतील, तर परीक्षकाने तो अहवाल परत पाठवावा.